गुरुपालटावरून वर्ष वाचताना या चुका टाळा

गुरू 2 जून 2026 रोजी कर्केत येतो. खान्देशात तेव्हा मृगबागेची लगबग असते, आणि केळी लावणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पैशाचा: "औंदा गुरू नववा शे, केळीले भाव भेटी का?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर नुसत्या 'नवव्या'त नाही.

पहिली चूक याच वाक्यात आहे. वर्तमानपत्रातले राशिभविष्य चंद्रराशीपासून घर मोजते. दुसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा गुरू चांगला, हा नियम चंद्रापासूनचा आहे. त्यातून कळते ते मनाचे बळ आणि वर्षाचा साधारण कल. जीवनातले कोणते क्षेत्र हलणार, हे लग्नापासूनच्या स्थानावरून पाहावे लागते. दोन्ही मोजण्या शेजारी शेजारी मांडा, एकीच्या जागी दुसरी वापरू नका. बाजारभाव मात्र कुंडलीत दिसत नाही, तो एका राशीच्या सगळ्यांना वेगळा थोडाच मिळणार?

एक पत्रिका घेऊ. चोपड्याकडचा पन्नाशीचा बागायतदार, तूळ लग्न, चंद्र वृश्चिकेत 24 अंशांवर, शनी कर्केत 14 अंशांवर, महादशा चंद्राची. चंद्रापासून गुरू नववा, म्हणून घरच्यांनी आधीच पेढ्यांची तयारी केलेली. लग्नापासून मात्र तो दहावा आहे. शिवाय तूळ लग्नाला गुरू तिसऱ्या आणि सहाव्या स्थानाचा स्वामी. सहावे स्थान कर्जाचे. दशमातून गुरूची पाचवी दृष्टी धनस्थानावर, सातवी जमिनीच्या चौथ्यावर आणि नववी स्वतःच्या सहाव्यावर पडते. हे सगळे जुळवले तर घबाड दिसत नाही. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज मंजूर होणे, त्यातून विहीर-ठिबकसारखे काम उभे राहणे आणि कामातला मान वाढणे, असे वर्ष दिसते. गुरू उच्च राशीत आहे म्हणून यापेक्षा मोठे फळ सांगणे मला पटत नाही. उच्चीचा गुरूही ज्या स्थानांचा स्वामी आहे त्यांचेच काम करतो.

दुसरी चूक अधिक नडते: अख्खे वर्ष एका रंगाचे मानणे. गुरू राशीत आला म्हणजे फळ सुरू झाले, असे होत नाही. तो जन्मीच्या ग्रहाच्या अंशावर येतो किंवा त्या अंशावर दृष्टी टाकतो, तेव्हा गोष्टी घडतात. 2025च्या ऑक्टोबरात गुरू अतिचारी होऊन, म्हणजे नेहमीपेक्षा वेगाने चालून, कर्केत आला होता, पण जेमतेम एक अंश चालून वक्री झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला मिथुनेत परतला. ज्याचा ग्रह कर्केच्या अगदी सुरुवातीला आहे त्यालाच तेव्हा स्पर्श झाला. आपल्या बागायतदाराच्या 14 अंशांवरच्या शनीपर्यंत तो पोचलाच नाही. "ऑक्टोबरात काहीच झालं नाही, म्हणजे पत्रिका खोटी" अशी तक्रार इथूनच येते.

शनीवर गुरू येतो ऑगस्ट 2026च्या पहिल्या पंधरवड्यात. तूळ लग्नाला शनी चौथ्या आणि पाचव्या स्थानाचा स्वामी म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ, त्यामुळे जमिनीच्या कामाला ही वेळ मोलाची. पण जुलैच्या मध्यापासून सुमारे चार आठवडे गुरू अस्तंगत, म्हणजे सूर्याच्या तेजात झाकलेला असतो, तेव्हा कागद पुढे सरकले तरी हातात उशिरा पडतात. सप्टेंबरअखेर गुरू 24 अंशांवर येतो आणि त्याची दृष्टी नेमकी जन्मचंद्रावर पडते. महादशाही चंद्राचीच, त्यामुळे वर्षातला सगळ्यांत बोलका काळ तोच. कांदेबागेची लागवड, रोपांचा खर्च, भागीदारीचे निर्णय त्या सुमारास घ्यावेत असे मी सांगेन. दशानाथाशी, म्हणजे महादशेच्या ग्रहाशी, गुरूचा काही संबंध नसता, तर हेच गोचर, म्हणजे ग्रहाचे चालू भ्रमण, नुसते येऊन गेले असते. म्हणून दशा न पाहता गोचर सांगू नये.

31 ऑक्टोबरला गुरू सिंहेत जातो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थामुळे ही तारीख सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि लोक कर्केचा हिशोब तिथेच मिटवतात. तो मिटत नाही. डिसेंबरात वक्री झालेला गुरू जानेवारी 2027च्या अखेरीस पुन्हा कर्केत येतो, एप्रिलमध्ये 23 अंशांच्या आसपास थांबून मार्गी होतो आणि जूनअखेर कायमचा बाहेर पडतो. म्हणजे चंद्राच्या 24 अंशांवर त्याची दृष्टी मार्चमध्ये वक्री असताना आणि मेमध्ये मार्गी असताना आणखी दोनदा पडणार. शनीच्या 14 अंशांपर्यंत मात्र तो परत येत नाही, ती संधी एकदाच. सप्टेंबरात सुरू केलेला व्यवहार मार्चमध्ये फेरविचाराला येईल आणि मेमध्ये पक्का होईल, असे वाचावे. मार्चमध्ये अडले म्हणून तो मोडू देऊ नये.

एक घोटाळा वेगळाच आहे. मुलीच्या लग्नासाठी पाहिले जाणारे गुरुबळ, ज्यात चौथा, आठवा, बारावा गुरू नेष्ट मानतात, ते मुहूर्ताचे कोष्टक आहे. त्यावरून बापाचे किंवा मुलीचे वर्षफळ सांगू नका.

घरी पडताळायचे असेल तर पत्रिकेतले ग्रहांचे अंश वहीत उतरवा, पंचांगातून गुरू त्या अंशांवर कधी येतो ते लिहा आणि राशीराशीतले ग्रहाचे बळ बिंदूंनी मोजणाऱ्या अष्टकवर्गात कर्केला गुरूचे बिंदू किती आहेत ते पाहा. गुरूच्या एकूण 56 बिंदूंमुळे राशीमागे सरासरी पावणेपाचच्या आसपास येते. तीन किंवा त्याहून कमी असतील, तर वर सांगितलेले फळ निम्म्यावर धरून कर्जाचा आकडा आधीच लहान ठेवा.