अँकीतलं एक कार्ड आठ वेळा चुकलं

अमेझॉनच्या क्लाउडच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, सोल्युशन्स आर्किटेक्ट परीक्षेसाठी अँकी या फ्लॅशकार्ड अ‍ॅपमध्ये एक कार्ड केलेलं, "सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएलमधला फरक", दोन्ही फायरवॉलच, उत्तर पाच ओळींचं, कधी तीन आठवल्या की 'गुड' दाबून मोकळा, कधी चुकलं म्हणून 'अगेन'. आठव्यांदा चुकलं तेव्हा अँकीने ते लीच, म्हणजे सारखं चुकणारं कार्ड, म्हणून बाजूलाच टाकलं.

मग ते उडवून प्रसंगाची छोटी कार्डं केली. एसीएलमध्ये इनबाउंड पोर्ट ४४३ उघडा, तरी ब्राउझरला उत्तर येत नाही, का? एसीएल स्टेटलेस, आत आलेली विनंती लक्षात ठेवत नाही, म्हणून उत्तराच्या परतीसाठी आउटबाउंडला १०२४ ते ६५५३५ पोर्टही उघडावे लागतात. सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल, तो लक्षात ठेवतो, म्हणून तिथे ही कटकट नाही, त्याचं वेगळं कार्ड. आणि कार्ड उलटायच्या आधी उत्तर कागदावर खरडतो, नाहीतर बघितल्यावर वाटतंच ना, हे तर येत होतं!