‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढंच लिहिलं होतं

सोलापुरात नाल्यावरच्या काँक्रीट स्लॅबचं काम संपलं. ठेकेदाराने पूर्णत्वाची फाईल दिली. मी ‘कागदपत्रे अपूर्ण, पूर्तता करावी’ असं पत्र धाडलं, आणि तीच फाईल दोनदा परत आली. शेवटी ठेकेदार म्हणाले, "साहेब, नेमकं काय कमी आहे ते तरी लिहा." त्यांचं बरोबर होतं.

मग मोजमाप पुस्तिका शेजारी ठेवून फाईल तपासली. एम-२० काँक्रीट ४२ घनमीटर. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला ४ नमुने. प्रत्येक नमुन्याचे ३ क्यूब, म्हणजे काँक्रीट ओततानाच साच्यात भरून ठेवायचे चाचणीचे ठोकळे. एकूण १२. फाईलमध्ये अहवाल ६ क्यूबचेच होते. त्यातल्या तीन क्यूबची ओतल्याची आणि चाचणीची तारीख जुळवली तर अंतर २१ दिवस निघालं, पण वर शीर्षक २८ दिवसांचं.

खरी अडचण इथे होती. न घेतलेले क्यूब आता मागून मिळणार नव्हते, आणि मागितले तर खोटा कागद येण्याची भीती. म्हणून नव्या पत्रात पान क्रमांकासह त्रुटी लिहून मागणी केली: आमच्या समक्ष स्लॅबमधून ३ कोअर, म्हणजे यंत्राने कापलेले दंडगोल तुकडे, काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल द्यावा. सरासरी ताकद किमान १७ आणि एकही कोअर १५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरखाली नको, हेही नमूद केलं. खडी-वाळूच्या रॉयल्टी पावत्या शेवटी मागितल्या.

कोअरची सरासरी १८.६ आली, सर्वांत कमी १७.१. पावत्याही आल्या. फाईल पुढे गेली.