डिलिव्हरी झाल्यानंतर दिलेली टिप कशी पोहोचते?

झोमॅटोसारख्या अ‍ॅपवर ऑर्डर करतानाच टिप निवडली, तर ती बिलातच धरली जाते. ३४० रुपयांच्या जेवणावर ३० रुपये टिप ठेवल्यास खात्यातून एकदम ३७० रुपये जातात. जेवण हाती पडल्यावर रेटिंगच्या पानावरून टिप दिली, तर मात्र मूळ बिलाला हात न लावता अ‍ॅप ३० रुपयांचा नवा व्यवहार सुरू करते आणि त्यासाठी यूपीआय पिन किंवा कार्डाचा ओटीपी पुन्हा द्यावा लागू शकतो. बहुतेकांची गल्लत इथेच होते: रकमेवर बोट ठेवले की टिप गेली असे समजून ते अ‍ॅप बंद करतात.

म्हणून बँकेच्या नोंदीत ३४० आणि ३० अशा दोन वेगळ्या रकमा दिसतात का, ते पाहावे. दुसरी नोंद नसेल, तर टिप बहुधा गेलेलीच नाही. व्यवहार पूर्ण झाल्यावर ही रक्कम डिलिव्हरी करणाऱ्याच्या अ‍ॅपमधील कमाईत, फेरीच्या मोबदल्याव्यतिरिक्त, जमा होते. तो अजून दारात असेल, तर त्यालाच विचारून खात्री करता येते. डिलिव्हरी शुल्क किंवा प्लॅटफॉर्म शुल्क मात्र टिप नव्हे.