सिकल सेलचा वेदनेचा झटका : समजुतीतील आणि उपचारातील या चुका टाळा

सिकल सेलच्या रुग्णाला वेदनांचा झटका आला, की घरची माणसे, सोबतचे विद्यार्थी आणि कधी कधी कॅज्युअल्टीतील नवखे डॉक्टरही एकच कारण सांगतात : ऑक्सिजन कमी पडला, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकल्या आणि बारीक रक्तवाहिनीत अडकल्या. हे चुकीचे नाही, परंतु एवढेच खरे असते तर रुग्ण क्षणभरही वेदनेतून मोकळा झाला नसता, कारण त्याची प्रत्येक पेशी दर मिनिटाच्या आसपास एकदा ऊतींमध्ये जाऊन ऑक्सिजन सोडतेच. मग झटका आजच का आला आणि गेल्या आठवड्यात का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर या स्पष्टीकरणात मिळत नाही, आणि उपचारातील बहुतेक चुका नेमक्या तेथूनच सुरू होतात. मुंबईत हा आजार आपल्या भागातला नव्हे असे मानण्याची सवय आहे. प्रत्यक्षात पालघरच्या आदिवासी पट्ट्यातून, नंदुरबारहून आणि विदर्भातून शिक्षणासाठी व नोकरीसाठी आलेले रुग्ण याच शहरातील वसतिगृहांत आणि चाळींत राहत असतात.

पहिली चूक : दोष ऑक्सिजन वाहण्यात आहे असे समजणे

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्ल असते. सिकल सेलमध्ये जनुकातील एकच अक्षर बदलते, जीएजीच्या जागी जीटीजी होते, आणि त्यामुळे त्या जागी व्हॅलीन येते. ग्लुटॅमिक आम्लावर विद्युतभार असतो आणि ते पाण्यात रमते. व्हॅलीन पाणी टाळते. हा बदल रेणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असल्यामुळे ऑक्सिजन धरणाऱ्या लोहाच्या जागेला थेट धक्का लागत नाही. म्हणून केवळ ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या सुरू करणे योग्य नाही. लोहाची कमतरता तपासणीत दिसली तरच त्या द्याव्यात.

अडचण ऑक्सिजन सोडल्यानंतर निर्माण होते. ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो आणि बीटा साखळीवर ८५व्या जागेचे फिनाइलअॅलनीन व ८८व्या जागेचे ल्यूसीन यांच्यामध्ये एक खाच उपलब्ध होते. शेजारच्या रेणूचे व्हॅलीन त्या खाचेत बसते. रेणूला रेणू जोडला जातो आणि अखेरीस १४ पदरांचा ताठ तंतू तयार होतो. पेशीला विळ्याचा आकार देणारा हाच तो पॉलिमर. ऑक्सिजन परत मिळाला की तो विरघळतो.

दुसरी चूक : वेळेचा हिशेब न करणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. पेशीच्या आत दर १०० मिलिलिटरमागे साधारण ३३ ग्रॅम हिमोग्लोबिन असते. शरीराच्या तापमानाला, ऑक्सिजन पूर्ण काढून घेतलेले सिकल हिमोग्लोबिन मात्र जेमतेम १७ ग्रॅमच विरघळलेले राहू शकते. म्हणजे ऑक्सिजन गमावलेली पेशी पॉलिमर होण्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट पलीकडे गेलेली असते. तरीही ती लगेच वाकत नाही. सुरुवातीला काही रेणूंचा पुंजका जमावा लागतो आणि हे लहान पुंजके जमण्यापेक्षा सहज मोडतात. एखादा पुंजका पुरेसा मोठा झाला, की मात्र त्यापासून तंतू झपाट्याने वाढतो आणि त्याच्या अंगावर नवे तंतू फुटू लागतात. आधी शांतता आणि मग एकदम स्फोट, असा हा प्रकार असतो. त्या शांततेच्या कालावधीला विलंबकाळ म्हणतात.

केशवाहिनीतून जायला पेशीला एक सेकंदाच्या आसपास लागतो आणि तेथून फुप्फुसापर्यंत पोचायला आणखी काही सेकंद. विलंबकाळ या प्रवासापेक्षा मोठा असेल, तर पेशी न वाकता फुप्फुसात पोचते आणि पुंजके विरून जातात. बहुतेक पेशी रोज अशाच सुटतात. झटका येतो तो विलंबकाळ आणि प्रवासाचा काळ यांचा क्रम उलटतो तेव्हा.

विलंबकाळ हिमोग्लोबिनच्या संहतीवर विलक्षण अवलंबून असतो : तो संहतीच्या साधारण १५ ते ३० व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. समजा पेशीतील पाणी कमी होऊन संहती ३२ वरून ३४ वर गेली, म्हणजे सहा टक्क्यांनी वाढली. ही वाढ किरकोळ वाटते, पण विलंबकाळ त्यामुळे अडीच ते सहा पटींनी घटतो. पाच सेकंद हाती असलेल्या पेशीजवळ आता एक-दोन सेकंदच उरतात. सिकल सेलच्या पेशीतून पोटॅशियम आणि त्याच्यामागून पाणी तसेही सहज निसटत असते, त्यामुळे अशा दाट पेशी रक्तात कायम असतात.

एकाच पालकाकडून सदोष जनुक मिळालेल्या वाहक व्यक्तीला सहसा त्रास का होत नाही आणि गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन, म्हणजे गर्भहिमोग्लोबिन, जास्त असलेला रुग्ण तुलनेने बरा का राहतो, याचेही उत्तर येथेच आहे. दोन्हींत सिकल हिमोग्लोबिनचा पेशीतील वाटा कमी होतो आणि विलंबकाळ लांबतो. गर्भहिमोग्लोबिन तर पॉलिमरमध्ये जवळपास शिरतच नाही.

तिसरी चूक : वाकलेली पेशी म्हणजेच अडथळा असे मानणे

गणिताची दुसरी बाजू प्रवासाच्या काळाची आहे, आणि पाठ्यपुस्तकातील चित्रे तिला पुरेसा न्याय देत नाहीत. अडथळ्याची सुरुवात बहुधा सर्वांत बारीक केशवाहिनीत होत नाही, तर तिच्या पुढच्या बारीक शिरांमध्ये होते. तेथे नुकत्याच अस्थिमज्जेतून बाहेर पडलेल्या तरुण तांबड्या पेशी आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात. अस्तर सुजलेले असले, की त्याच्यावर पी-सिलेक्टिनसारखे चिकटण्याचे रेणू जास्त उमटतात. शिवाय फुटलेल्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाऊन टाकते, त्यामुळे वाहिनी नीट सैलावत नाही. पावसात दादरच्या जिन्यावर कोणी छत्री उघडायला थांबले, की मागची सगळी गर्दी तुंबते; येथेही आधी चिकट पेशी थांबतात, मागच्यांचा वेग मंदावतो, त्या विलंबकाळ ओलांडेपर्यंत तेथेच अडकतात आणि मग ताठ पेशी अडथळा पक्का करतात.

यातून व्यवहारात उपयोगी असे एक अनुमान निघते : रक्ताच्या काचपट्टीवर किती विळे दिसतात, त्यावरून वेदना मोजता येत नाही. कायम वाकलेल्या पेशींची संख्या रक्त किती फुटते हे सांगते, झटका सांगत नाही. झटका निदान करणारी एकही रक्ततपासणी नाही. रुग्ण दुखते म्हणतो तेव्हा दुखत असते, आणि पुरावा मागत बसणे ही या आजारातील सर्वांत निर्दय चूक आहे.

वेदना हाडात का, हेही यावरूनच कळते. अस्थिमज्जेत रक्त संथ वाहते आणि ऑक्सिजनचा वापर मोठा असतो. तेथे रक्त अडले की मज्जेचा भाग मरू लागतो, ताठ हाडाच्या आत सूज येते, दाब वाढतो, आणि वेदनावाहक मज्जातंतू दाहक रसायनांनी अधिकच संवेदनशील होतात.

एक उदाहरण

समजा गडचिरोलीहून परळला शिकायला आलेली २१ वर्षांची विद्यार्थिनी आहे. तिचे नेहमीचे हिमोग्लोबिन ८.५ असते. जुलैमध्ये दोन दिवस जुलाब आणि बारीक ताप आहे. लोकलच्या प्रवासात स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून ती पाणी मुद्दाम कमी पिते, भिजलेल्या कपड्यांत वातानुकूलित वर्गात बसते, आणि रात्री कंबर व मांड्या असह्य दुखू लागतात. रुग्णालयात हिमोग्लोबिन ८.३ येते, ऑक्सिजनची पातळी ९७ टक्के असते, छातीचा एक्स-रे स्वच्छ असतो. मैत्रीण म्हणते, “ताई, रिपोर्ट तर नेहमीसारखेच आहेत, मग एवढे का दुखते?”

दोन्ही काळ मांडून पाहू. जुलाबाने पाणी गेले. सिकल सेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लघवी दाट करून पाणी वाचवू शकत नाही, म्हणून ती कमतरता भरून निघाली नाही, पेशी दाट झाल्या. तापाने पॉलिमर बनण्याचा वेगही वाढवला. विलंबकाळ घटला. दुसरीकडे संसर्गाने अस्तर चिकट झाले, न्यूट्रोफिल वाढले, आणि गारठ्याने कातडीतील व स्नायूंतील रक्तवाहिन्या आकसल्या. प्रवासाचा काळ वाढला. रिपोर्ट नेहमीसारखे आहेत, कारण यांपैकी एकही गोष्ट त्या तीन तपासण्यांत मोजलेलीच नाही.

उपचारही येथूनच ठरतो. पहिला वेदनाशामक डोस रुग्णालयात आल्यापासून तासाभरात मिळायला हवा, आणि वेदना तीव्र असेल तर मॉर्फिनच्या गटातील औषधाला कचरू नये. दाहशामक गोळ्या देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे काम पाहावे. तिच्यात पाण्याची कमतरता आहे, म्हणून ती भरून काढावी, पण पुढे सलाइनच्या बाटल्या चढवत राहू नयेत; जादा द्रवाने फुप्फुसात पाणी साचते. ऑक्सिजनची पातळी ९५ च्या खाली नसेल, तर मास्क लावल्याने झटका आटोपत नाही. आणि साध्या वेदनेसाठी रक्त चढवू नये : हिमोग्लोबिन १० च्या पुढे ढकलले, तर रक्त दाट होऊन प्रवासाचा काळ आणखी वाढतो. बर्फाने शेकणे तर टाळावेच, ऊब द्यावी. छातीत दुखू लागले, दम लागला, ताप ३८.५ अंशांच्या वर गेला, एका बाजूची ताकद गेली किंवा लहान मुलाची प्लीहा अचानक वाढली, तर तो साधा झटका राहिलेला नसतो.

हिमोग्लोबिन वाढले म्हणजे वेदना कमी होतील या गृहीतकाची एक मोठी परीक्षा अलीकडे झाली. व्होक्सेलोटर हे औषध हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरायला लावते. त्याने हिमोग्लोबिन वाढले, पण झटके तितके घटले नाहीत, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले.

शेवटची चूक : हायड्रॉक्सियुरिया दुखेल तेव्हा घेणे

हायड्रॉक्सियुरिया हे सिकल सेलमध्ये रोज घ्यायचे औषध आहे, वेदनाशामक नाही. ते गर्भहिमोग्लोबिन वाढवते, पेशी मोठ्या करून आतील संहती उतरवते आणि न्यूट्रोफिल कमी करते. म्हणजे विलंबकाळ लांबवते आणि चिकटणे घटवते. या सगळ्याला काही महिने लागतात. दुखणे थांबले की गोळ्या बंद करणाऱ्याला तो परिणाम कधीच दिसत नाही. गोळ्या सुरू असताना रक्तातील पेशींची संख्या ठरावीक अंतराने तपासावी लागते, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांशी आधी बोलावे. औषधाचा परिणाम सुरू झाला का, हे पाहण्याचा सोपा मार्ग साध्या सीबीसीत आहे : तांबड्या पेशीचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, हळूहळू वाढायला हवा. काही महिन्यांनंतरही तो जागचा हललेला नसेल, तर डोस वाढवण्याआधी गोळ्या रोज घेतल्या जात आहेत का, हे रागावल्याशिवाय विचारावे.