ऑफरचा पहिला आकडा कमी आला? बोलणी करताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भाचीचा फोन आला. "आत्या, अकरा पन्नास म्हणतायत. मी तेरा धरून बसले होते. हो म्हणू की सोडून देऊ?"

तिच्या आवाजात रडू होतं. गाड्यांच्या एम्बेडेड सॉफ्टवेअरमधला पाच वर्षांचा अनुभव, तीन मुलाखती उत्तम झालेल्या, आणि शेवटी वर्षाला साडेअकरा लाखांचा हा आकडा. पुण्यात भरतीच्या कामात मी बरीच वर्षं काढली आहेत. टेबलाच्या त्या बाजूला बसून मी असे शेकडो आकडे लोकांना सांगितले आहेत, त्यामुळे कुठे पाय घसरतो ते मला दिसतं. तिला मी आधी एवढंच विचारलं, "फोनवर काय बोललीस?" ती म्हणाली, "विचार करून सांगते म्हटलं." ऐकून मला हायसं वाटलं, कारण पहिली चूक तिने टाळली होती.

फोनवरच हो किंवा नाही म्हणणं

एचआरचा फोन बहुतेक वेळा गडबडीत येतो. "ऑफर रिलीज करतोय, साडेअकरा, ओके ना?" अशा वेळी भिडेपोटी तोंडातून "हो, चालेल" निघून जातं. हा होकार मग सिस्टिममध्ये नोंदला जातो, मंजुरीसाठी पुढे जातो, आणि दोन दिवसांनी तुम्ही "जरा वाढवता का" विचारलं की दिलेला शब्द फिरवल्यासारखं दिसतं. ऑफर मागे घेतल्याच्या ज्या मोजक्या घटना मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक अशाच होत्या. मागणी मोठी होती असं नाही, ती होकारानंतर आली होती. रागाने दिलेला नकारही तितकाच महाग पडतो, कारण पहिला आकडा क्वचितच शेवटचा असतो.

फोनवर एवढंच म्हणायचं: "ऑफरबद्दल आभारी आहे. पगाराचा पूर्ण तपशील ईमेलवर पाठवाल का? पाहून दोन दिवसांत नक्की कळवते." याने कोणी दुखावत नाही.

सीटीसीवर भांडणं

सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यावर भांडणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि शिकलीसवरलेली माणसंही ती करतात. भाचीचं जुनं पॅकेज 9,40,000 होतं. नवं 11,50,000, म्हणजे बावीस टक्क्यांची वाढ. कमी असली तरी वाढ आहे, असं तिला वाटत होतं. तपशील आल्यावर आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसलो.

नव्या कंपनीत मूळ वेतन सीटीसीच्या निम्मं होतं, म्हणजे 5,75,000. त्याच्या बारा टक्के, 69,000, हा कंपनीचा पीएफचा वाटा. तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी मूळ वेतनाच्या 4.81 टक्के, म्हणजे सुमारे 27,700. आरोग्य विम्याचा हप्ता 12,000. आणि कामगिरीनुसार बदलणारं व्हेरिएबल सीटीसीच्या दहा टक्के, 1,15,000. हे सगळं वजा केल्यावर दरमहा मिळण्याजोगा निश्चित पगार वर्षाला सुमारे 9,26,000 उरला.

जुन्या कंपनीत व्हेरिएबल नव्हतंच. ग्रॅच्युइटी आणि विमा सीटीसीत धरलेले नव्हते. पीएफ 15,000 रुपयांच्या मर्यादेवर कापला जायचा, म्हणजे कंपनीचा वाटा महिन्याला 1,800. तिथला निश्चित पगार 9,18,400.

म्हणजे वर्षाकाठी खरी वाढ जेमतेम आठ हजारांची!

हातात येणारी रक्कम काढली तर चित्र आणखी उघडं पडलं. जुन्या ठिकाणी महिन्याला 76,500 मधून स्वतःचा पीएफ 1,800 आणि व्यवसाय कर 200 जाऊन सुमारे 74,500 खात्यात यायचे. नव्या ठिकाणी 77,200 मधून पीएफ 5,750 आणि व्यवसाय कर 200 जाऊन 71,250. आयकराने फरक पडत नव्हता, कारण 2025-26 पासून नव्या कररचनेत प्रमाणित वजावट धरून पगारदाराला 12.75 लाखांपर्यंत कर लागत नाही. बावीस टक्क्यांच्या "वाढी"नंतर दरमहा सव्वातीन हजार कमी! भाची कितीतरी वेळ वहीकडे बघत राहिली.

यात पीएफबद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. तो पैसा कुठे जात नाही, तुमच्याच खात्यात साठतो, आणि कंपनीचा वाटाही त्यात पडतो. काही कंपन्या पीएफ 15,000 च्या मर्यादेवर ठेवायचा पर्याय देतात. घरभाड्याची किंवा हप्त्यांची ओढाताण नसेल तर हातात जास्त यावेत म्हणून तो पर्याय घेऊ नका, असं मी सांगते. ग्रॅच्युइटीचा नियम निराळा: कायम नोकरीत ती साधारण पाच वर्षांनी मिळते, त्यामुळे तीन वर्षांत सोडणाऱ्यासाठी सीटीसीतला तो आकडा कागदावरच राहतो. आणि व्हेरिएबलला तर पगार म्हणूच नये. कंपनीचा नफा, तुमचं रेटिंग आणि वाटपाच्या तारखेला तुम्ही नोकरीवर आहात का, या तिन्हींवर ते अवलंबून असतं. मागच्या दोन वर्षांत तुमच्या पातळीच्या लोकांना किती टक्के व्हेरिएबल मिळालं, हे एचआरला सरळ विचारा. उत्तर टाळलं गेलं तर त्यातच उत्तर आलं.

तेव्हा बोलणी करायची ती निश्चित पगारावर. "तेरा द्या" म्हटलं की कंपनी व्हेरिएबल फुगवूनही तेरा दाखवू शकते.

गरज सांगून मागणं

"घराचा हप्ता आहे", "मुलाची शाळा आहे", "माझ्या मित्राला चौदा मिळाले". हे ऐकून एचआरमधल्या माणसाला वाईट वाटेलही, पण तो ते पुढे पाठवू शकत नाही. तुमच्याशी बोलणारी व्यक्ती सहसा निर्णय घेत नाही. प्रत्येक पदाला पगाराचा एक पट्टा ठरलेला असतो. त्यात वर सरकायचं तर तिला भरती करणाऱ्या मॅनेजरकडून आणि वेतन ठरवणाऱ्या विभागाकडून मंजुरी घ्यावी लागते, आणि त्या मंजुरीसाठी कारण लिहावं लागतं. ते कारण तुम्ही तयार करून दिलंत तर तिचं काम सोपं होतं.

टक्क्यांत मागणंही टाळा. "मला चाळीस टक्के वाढ हवी" म्हटलं की चर्चा तुमच्या जुन्या पगाराभोवती फिरते, आणि जुना पगार कमी असेल तर तुम्हीच स्वतःला बांधून घेता. नव्या कामाची किंमत काय, यावर बोलायचं.

भाचीने पाठवलेला ईमेल इंग्रजीत होता, त्याचा मजकूर साधारण असा:

"ऑफरबद्दल मनापासून आभार. काम आणि टीम दोन्ही मला आवडले आहेत. तपशील पाहिल्यावर लक्षात आलं की माझा सध्याचा निश्चित पगार 9.18 लाख आहे आणि ऑफरमध्ये तो 9.26 लाख आहे. या पदासाठी ऑटोसार आणि फंक्शनल सेफ्टीचा अनुभव आवश्यक म्हणून दिला आहे. मी तीन वर्षं ब्रेक कंट्रोल युनिटवर हेच काम केलं आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रकल्पावर बसू शकेन. हे लक्षात घेऊन निश्चित भाग 11 लाख करावा अशी विनंती आहे. ते जमल्यास शुक्रवारपर्यंत होकार कळवते."

यात एकच आकडा आहे, एकच कारण आहे, आणि "हे दिलंत तर मी येते" ही खात्री आहे. एचआरला ही खात्री फार मोलाची असते. मंजुरी आणूनही उमेदवार आला नाही तर त्यांना वर उत्तर द्यावं लागतं.

नसलेली ऑफर दाखवणं

"दुसरीकडून चौदा आहेत" अशी थाप मारू नका. पत्र दाखवा म्हटल्यावर काय करणार? जुना पगार वाढवून सांगणं तर त्याहून धोक्याचं. पगारपत्रकं, फॉर्म 16, पीएफच्या यूएएन क्रमांकाचं पासबुक, बँकेच्या नोंदी हे सगळं पार्श्वभूमी तपासणीत मागितलं जातं. रुजू झाल्यावर विसंगती सापडून नोकरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत. खरी दुसरी ऑफर असेल तर मात्र जरूर सांगा, आणि तिचाही निश्चित भागच सांगा.

"वाढत नाही" ऐकून थांबणं

भाचीला तीन दिवसांनी उत्तर आलं: पट्ट्याची वरची मर्यादा 12,20,000 आहे, त्यापुढे जाता येत नाही. ती हो म्हणायला निघाली होती. मी तिला एकदाच, शेवटचं, विचारायला लावलं. सीटीसी तीच ठेवा, पण व्हेरिएबल कमी करून ते निश्चित भागात टाकाल का? कंपनीच्या एकूण खर्चाचा आकडा यात हलत नाही, म्हणून इथे अनेकदा वाट निघते. तिचं व्हेरिएबल 60,000 वर आलं, आणि वाचलेली रक्कम निश्चित पगारात गेली.

पुन्हा वही काढली. निश्चित पगार आता सुमारे 10,45,000. महिन्याला 87,100 मधून पीएफ 6,100 आणि व्यवसाय कर 200 जाऊन 80,800 हातात. अकरा लाख मिळाले नाहीत, पण 71,250 वरून इथवर आलो, तेही पीएफला हात न लावता.

मर्यादा खरंच आली असेल तर आणखी दोन गोष्टी मागता येतात. एक म्हणजे जॉइनिंग बोनस. तो एकरकमी असल्यामुळे बऱ्याच कंपन्यांत त्याची मंजुरी सोपी असते, पण वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या आत सोडल्यास तो परत करायची अट जवळपास नेहमी असते, ती वाचा. दुसरी म्हणजे नोटीस बायआउट. भाचीची नोटीस 90 दिवसांची आणि नव्या कंपनीला ती 45 दिवसांत हवी होती. उरलेल्या दिवसांची जुन्या कंपनीची वसुली नव्या कंपनीने भरावी, हे तिने मागितलं आणि ते लगेच मान्य झालं, कारण घाई त्यांची होती.

या दुसऱ्या फेरीनंतर थांबायचं. तिसऱ्यांदा थोडं आणखी मागितलं की मॅनेजरचं मन उडतं, आणि त्याच माणसाच्या हाताखाली तुम्हाला काम करायचं असतं.

तोंडी शब्दावर राजीनामा देणं

"सहा महिन्यांत रिव्ह्यू करू", "बायआउटचं बघून घेऊ, काळजी नको" असं सांगणारी व्यक्ती खोटं बोलत असेलच असं नाही. पण तुम्ही रुजू होईपर्यंत ती स्वतः नोकरी बदलून गेलेली असू शकते, आणि मागे राहतो तो फक्त कागद. सहा महिन्यांच्या रिव्ह्यूची तारीख, बायआउटची रक्कम, बोनस कोणत्या महिन्याच्या पगारासोबत येणार, हे सगळं ऑफर लेटरमध्ये किंवा निदान कंपनीच्या ईमेलवर हवं.

भाचीकडे सुधारित पत्र गुरुवारी आलं. त्यात नवे आकडे होते, पण बायआउटचा उल्लेख नव्हता. तिने त्याच दिवशी लिहून विचारलं, शुक्रवारी दुपारी पुरवणी पत्र आलं, आणि मग संध्याकाळी तिने होकार कळवला. राजीनामा तिने सोमवारी दिला.