सहलीहून ढेकूण घरी आणायचे नसतील तर या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की आणि जून उजाडला की मला येणारे फोन बदलतात. मी पुण्यात पेस्ट कंट्रोलचं काम करतो. एरवी झुरळं, वाळवी, मुंग्या. या दोन वेळा मात्र ढेकूण. आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "आमचं घर स्वच्छ आहे हो, ढेकूण कुठून आले?" ढेकणाला घर स्वच्छ आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही. त्याला माणसाचं रक्त लागतं आणि दिवसा लपायला फट. तो उडत नाही, उड्या मारत नाही, अंगाला चिकटूनही राहत नाही. तो बॅगेत बसून येतो. त्यामुळे तीच ती चूक पुन्हा पुन्हा बघून आता वैताग आलाय.

खोलीत शिरल्या शिरल्या बॅग पलंगावर टाकणं

दमलेला माणूस हेच करतो, हे मला कळतं. पण हॉटेलच्या खोलीत ढेकूण जिथे असतात तिथेच तुम्ही बॅग उघडून ठेवता. माझी सवय अशी: बॅग आधी बाथरूममध्ये, कोरड्या फरशीवर. टाइल्सवर लपायला फारशी जागा नसते. घरच्यांना पाच मिनिटं उभं राहायला सांगतो. कुरकुर होते, होऊ दे.

मग उशीकडच्या दोन्ही कोपऱ्यांतली चादर उचलायची. नुसती चादर पांढरीशुभ्र आहे हे बघून समाधान मानणाऱ्यांचा मला राग येतो. चादर रोज बदलतात, गादी कोण बदलतं? गादीच्या कडेची जाड शिवण बोटांनी उलगडून मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा. मोठा ढेकूण सफरचंदाच्या बी एवढा, तांबूस आणि चपटा असतो, पण तो दिसेलच असं नाही. जास्त करून दिसतात ते पेनाच्या शाईसारखे काळे ठिपके, म्हणजे त्याची विष्ठा. ओला टिश्यू फिरवला की ठिपका तपकिरी होऊन पसरतो; साधी धूळ असेल तर तसा पसरत नाही. कात टाकलेली फिकट टरफलं आणि शिवणीत चिकटलेली जेमतेम एक मिलिमीटरची पांढरी अंडी हीसुद्धा खूणच.

गादीनंतर हेडबोर्ड. आपल्याकडे बऱ्याच हॉटेलांत रेक्झिनचं, बटणं मारलेलं हेडबोर्ड भिंतीला स्क्रूने बसवलेलं असतं. त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत उजेड पाडा, जुनं प्लास्टिकचं कार्ड फिरवा. मग पलंगाचे लाकडी सांधे आणि शेजारच्या टेबलाचा खण. बहुतेक ढेकूण झोपणाऱ्या माणसाच्या जवळपासच राहतात, म्हणून सगळी खोली उपसायची गरज नाही.

काही सापडलं तर फोटो काढा आणि खोली बदलून मागा. शेजारची, वरची किंवा खालची खोली घेऊ नका. वायरिंगच्या पाइपांतून आणि भिंतीतल्या फटींतून ते ये-जा करतात. भाडं जास्त म्हणून खोली सुरक्षित, असंही समजू नका.

वापरलेले कपडे उघडे ठेवणं आणि बॅग थेट बेडरूममध्ये नेणं

2017 मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी धुतलेल्या आणि वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्या ढेकणांसमोर ठेवल्या. वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्यांवर ते दुपटीने जमले. आपल्या घामाचा, कातडीचा वास त्यांना ओढतो. तुम्ही दिवसभर देवळं, किल्ले बघत फिरता तेव्हा खोलीत तोच वास पसरत असतो. म्हणून मळके कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला घट्ट गाठ मारून. एवढं एक केलं तरी धोका बराच कमी होतो.

कर्वेनगरमधल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. उत्तरेकडे तीर्थयात्रेला गेले होते, मुक्कामाची जागा रोज वेगळी. ट्रॉली बॅग प्रत्येक ठिकाणी पलंगाशेजारी उघडी. घरी आल्यावर कपडे बेडवरच वेगळे केले आणि रिकामी बॅग त्याच बेडच्या स्टोअरेजमध्ये ढकलली. काही आठवड्यांनी धाकट्या मुलीच्या हातावर ओळीने गांधी उठायला लागल्या. आधी डास समजले, मग अ‍ॅलर्जीची गोळी झाली. वडिलांच्या अंगावर काहीच नव्हतं, म्हणून ढेकणांचा विचार कुणाच्या मनात आला नाही. चावल्याची खूण सगळ्यांच्या अंगावर उठत नाही, आणि उठली तरी कधीकधी काही दिवसांनी उठते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी एक ढेकूण दिसला आणि त्यांनी दुकानातून स्प्रेचा कॅन आणून बेडवर रिकामा केला. माझ्या मते सगळ्यात महागात पडलेलं पाऊल हेच. असल्या कॅनमधलं औषध बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं असतं. बऱ्याच ढेकणांना ते आता लागू पडत नाही, अंड्यांवर त्याचा भरवसा नाही, आणि जे वाचतात ते पांगतात. मी गेलो तेव्हा ते हॉलच्या सोफ्यात आणि आजींच्या दिवाणाच्या सांध्यांत पोचले होते. ट्रॉली बॅग बाहेर काढली. आतल्या अस्तराची चेन उघडली, तर कडेने काळे ठिपके आणि अंडी. एका बेडचं काम तीन ठिकाणांचं झालं. प्लायचे स्क्रू काढून सांधे वाफेने भाजले, औषध मारलं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मारलं. अंडी साधारण सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एका फेरीत काम संपलं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

घरी आल्यावर नुसतं थंड पाण्यात धुणं

बॅग बाल्कनीत किंवा बाथरूममध्येच उघडा. कपडे पिशवीतून सरळ मशिनमध्ये. पण ढेकूण आणि अंडी मारते ती उष्णता. साबणावर विसंबू नका. मशिनमध्ये 60 अंशांचा प्रोग्रॅम असेल तर तो लावा. नसेल तर सुती कपडे कडकडीत गरम पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवून अर्धा तास ठेवा. ड्रायर मिळत असेल तर सगळ्यात उत्तम: कोरडे कपडे जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास. न वापरलेले कपडेही यातून सुटत नाहीत, बॅगेत तेही होतेच.

बॅगेच्या शिवणी, चेन, चाकांच्या खोबणी आणि ओढायच्या दांड्याची जागा व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि व्हॅक्यूमची पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. नंतर शिवणींवरून वाफेची इस्त्री सावकाश फिरवा. घाई केली तर कापड वरवर तापतं, आत काही होत नाही. बॅग गच्चीवर उन्हात टाकून मोकळं होणारेही बरेच आहेत. वरचं कापड तापतं, ढेकूण अस्तराच्या सावलीच्या बाजूला सरकतो आणि संध्याकाळी तुम्ही त्याला घरात घेता.

डांबराच्या गोळ्या टाकू नका, उपयोग नाही. रॉकेल तर अजिबात नको, आगीचा धोका आहे.

एवढं करूनही शंका आली तर हॉलमध्ये झोपायला जाऊ नका. ते तुमच्या मागे हॉलमध्ये येतील. सापडलेला ढेकूण पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा आणि येणाऱ्या माणसाला आधी तो दाखवा.