पतसंस्थेच्या वेबसाइटची प्रेसनोट : या चुका टाळा

तालुक्याच्या पानावर काम करताना पतसंस्थांच्या प्रेसनोट सतत वाचाव्या लागतात. वेबसाइट सुरू झाल्याची नोट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. सभासदाच्या उपयोगाची गोष्ट शेवटच्या ओळीत असते.

एका संस्थेची नोट आठवते. सुरुवातीला प्रमुख पाहुणे, मग दीपप्रज्वलन, मग संचालकांची नामावली, मग मनोगते. खाते मोबाइलवर कसे पाहायचे आणि वेबसाइटचा पत्ता काय, हे तळाशी. त्या दिवशी पानावर जाहिरात वाढली आणि बातमी खालून कापली गेली. जागा कमी पडली की बातमी खालूनच कापतात, ही डेस्कची जुनी रीत आहे. दुसऱ्या दिवशी सगळी नावे छापून आली, पत्ता मात्र नाही. सभासद शाखेत जाऊन पत्ता विचारू लागले.

म्हणून मी पहिला परिच्छेद असा करायला सांगते : ‘संस्थेच्या सभासदांना आता खात्यातील शिल्लक, कर्जाचा पुढचा हप्ता आणि ठेवीची मुदत वेबसाइटवर पाहता येईल. त्यासाठी शाखेत एकदा मोबाइल क्रमांक नोंदवावा लागेल.’ लगेच पुढे वेबसाइटचा पत्ता. पाहुणे त्यानंतर. संचालक मंडळ रुसते, हे मला माहीत आहे. तरीही नावे खालीच ठेवा.

दुसरी चूक जास्त गंभीर. ‘आमची ऑनलाइन बँकिंग सेवा’ असे सर्रास लिहिले जाते. पतसंस्था ही बँक नाही. बँकिंग नियमन कायद्यानुसार तिला स्वतःसाठी ‘बँक’, ‘बँकिंग’ हे शब्द वापरता येत नाहीत. बँकेतल्या ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवींना तो नसतो. उपसंपादक घाईत तोच शब्द मथळ्यात घेतो आणि ठेवीदाराची दिशाभूल होते. ‘ऑनलाइन खाते सुविधा’ लिहा. ज्या सेवा अजून सुरू नाहीत, त्या ‘लवकरच’ म्हणूनही लिहू नका. लोक त्या मागायला दुसऱ्याच दिवशी येतात.

मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलवर पाठवा. पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट पाठवलात तर ऑपरेटर सगळे पुन्हा टाइप करतो आणि चुका तिथेच शिरतात. अनेक ठिकाणी अजून जुने मराठी फाँट चालतात. पानावर संपूर्ण मजकुराला तो फाँट लागला की वेबसाइटच्या इंग्रजी पत्त्याची अगम्य मराठी अक्षरे होतात. पत्ता स्वतंत्र ओळीवर ठेवा आणि शेजारी ‘ही ओळ इंग्रजी फाँटमध्ये’ अशी सूचना लिहा.

फोटो वर्ड फाइलमध्ये चिकटवू नका, वेगळा जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून.

नोट पाठवण्याआधी वेबसाइट एखाद्या सभासदाच्या साध्या मोबाइलवर, संस्थेचे वायफाय बंद करून उघडून पाहा. खाली फोन उचलणाऱ्या माणसाचाच नंबर द्या. संध्याकाळी डेस्क शंका विचारायला फोन करते, आणि तो लागला नाही तर बातमी मागे पडते.